जुन्या गाडीचा भाव: एकच झीज दोनदा मोजू नये

हडपसरच्या एका सोसायटीच्या आवारात उभी असलेली ही पांढरी हॅचबॅक जून २०१८ मध्ये नोंदलेली आहे. पेट्रोल इंजिन, मीटरवर ८४,००० किलोमीटर आणि आरसीवर मालकाचा अनुक्रमांक दोन. विक्रेत्याने ४,७५,००० रुपये सांगितले आहेत. खरेदीदाराच्या हातात चार पानांचा इन्स्पेक्शन रिपोर्ट आहे. हे उदाहरण आपण नमुन्यादाखल रचले आहे. त्यातल्या रकमा गावागणिक आणि मॉडेलगणिक बदलतील, हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

हिशेबाची सुरुवात विक्रेत्याच्या आकड्यापासून करायची नाही. त्याच शहरात, त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या आणि त्याच इंधनाच्या सात-आठ गाड्यांच्या जाहिराती पाहायच्या, त्यांतली सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त बाजूला ठेवायची आणि उरलेल्यांतला मधला भाव घ्यायचा. आपल्या उदाहरणात तो ४,६०,००० निघाला. जाहिरातीतला भाव हा मागितलेला भाव असतो, सौदा त्याच्या खाली होतो, म्हणून साधारण पाच टक्के सोडून आपण ४,३५,००० रुपये हा पाया धरला. हा पाया एका सर्वसाधारण गाडीचा आहे: सात वर्षांची, वर्षाला दहा हजारांच्या हिशेबाने सत्तर हजार किलोमीटर चाललेली, पहिल्याच मालकाकडची आणि वयाला शोभेल इतपत झिजलेली. हे शेवटचे शब्द लक्षात ठेवावेत, कारण पुढची बहुतेक गफलत तिथेच होते.

आता रिपोर्ट. त्यातल्या नोंदी वाचताना आधी दोन ढीग करावेत. छत पेलणारा पिलर, इंजिनाच्या बाजूचे एप्रन किंवा चासीला मार बसून वेल्डिंग झालेले असेल, एअरबॅग उघडून गेलेल्या असतील, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर त्याच्या टोकाला वाळलेल्या चिखलाची रेघ दिसत असेल, तर अशा दोषासाठी किती पैसे कमी करावेत हा प्रश्नच विचारू नये. ठोकलेल्या सांगाड्याची आणि पुरात बुडालेल्या वायरिंगची खरी किंमत घासाघिशीच्या वेळी कोणालाच सांगता येत नाही. माझ्या मते अशी गाडी स्वस्तातही घेऊ नये. दुसऱ्या ढिगात दुरुस्त होणारे दोष येतात, आणि वजावट फक्त त्यांचीच करायची.

आपल्या रिपोर्टमध्ये चार नोंदी आहेत. चारही टायर संपत आलेले आहेत, क्लच स्लिप होतो, पुढच्या सस्पेन्शनचे बुश आवाज करतात आणि उजव्या पुढच्या दारावर पुन्हा रंग मारलेला आहे. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र बॉनेटवर टेकवले तेव्हा ११० मायक्रॉन दिसले, आणि त्या दारावर ३८०. कारखान्यातला रंग साधारणपणे शंभरच्या आसपास, दीडशेच्या आत असतो, त्यामुळे दारावर पुट्टी भरून रंग दिला आहे हे उघड झाले. पण दाराच्या बिजागरीचे बोल्ट कधी फिरवलेले नाहीत आणि मागच्या पिलरची कड कारखान्यातून आली तशीच आहे. म्हणजे मार वरवरचा होता.

दुरुस्तीचा अंदाज विक्रेत्याच्या ओळखीच्या गॅरेजऐवजी स्वतंत्र गॅरेजमधून घ्यावा. आपल्याला मिळालेला अंदाज असा: टायर १६,०००, क्लच ९,०००, बुश ६,०००. ही बेरीज जशीच्या तशी वजा करणे मात्र अन्यायाचे ठरेल. पाया ज्या सर्वसाधारण गाडीचा आहे, तिचेही टायर निम्मे झिजलेलेच असतात. खरेदीदाराने नवे टायर घातले तर त्याची गाडी त्या सर्वसाधारण गाडीपेक्षा वरचढ होते, आणि तो जादा फायदा विक्रेत्याच्या खिशातून यायला नको. म्हणून टायरचे निम्मे, म्हणजे ८,०००, आणि त्याच न्यायाने क्लचचे दोन तृतीयांश, म्हणजे ६,०००, धरले. बुशचा आवाज सर्वसाधारण गाडीत गृहीत धरलेला नाही, म्हणून ते ६,००० पूर्ण. रंगवलेल्या दाराला खर्च काही नाही, पण पुढचा खरेदीदारही त्यावर बोट ठेवणार, त्यासाठी ८,०००. रिपोर्टपोटी एकूण वजावट २८,००० रुपये झाली.

किलोमीटरकडे वळण्यापूर्वी मीटरवर विश्वास ठेवावा का, हे ठरवावे लागते. सर्व्हिसच्या बिलांवर दरवेळचे रीडिंग असते. २०२३ मध्ये मालकी बदलली त्या सुमाराच्या बिलावर ६१,००० आहे, म्हणजे पहिल्या मालकाकडे वर्षाला साधारण बारा हजार आणि दुसऱ्याकडे साडेअकरा हजार रनिंग झाले. आकडे एका चालीने वाढत आहेत. टायरच्या बाजूवर 2621 हे चार अंक कोरलेले आहेत, म्हणजे ते २०२१ च्या सव्विसाव्या आठवड्यात बनले. पहिला संच सुमारे सदतीस हजारांवर उतरवला असणार आणि हा दुसरा संच सुमारे सत्तेचाळीस हजार चालून संपत आला आहे, हेही मीटरशी जुळते. हेच मीटर ४२,००० दाखवत असते, तर दुसरा संच इतका गुळगुळीत कसा झाला, असे विचारावे लागले असते.

अपेक्षेपेक्षा ही गाडी १४,००० किलोमीटर जास्त चालली आहे. जास्तीच्या किलोमीटरला एक रुपया, असा ढोबळ दर आपण धरला तर १४,००० रुपये होतात. पण त्या जास्तीच्या धावेनेच तर टायर आणि क्लच एवढे झिजवले, आणि ती झीज आपण रिपोर्टच्या खात्यात आधीच वजा केली आहे. उरते ते इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग अशा, रिपोर्टमध्ये दोष म्हणून न आलेल्या भागांचे वाढलेले वय. त्यासाठी निम्मी रक्कम, ७,००० रुपये, पुरेशी आहे. बहुतेक खरेदीदार इथे पूर्ण रक्कम कापतात, विक्रेता दुखावतो आणि चांगली गाडी हातची जाते.

मालकांच्या संख्येचे मोल जाहिरातींतूनच काढावे: पहिल्या आणि दुसऱ्या मालकाकडच्या सारख्या गाड्यांत जो फरक दिसतो तोच. आपल्याला तो १५,००० दिसला. मात्र वडिलांकडून मुलाच्या नावावर झालेली गाडीही आरसीवर ‘दुसरा मालक’ होते, आणि तिथे सांभाळणारा हात बहुधा तोच असतो, तेव्हा ही वजावट कमी करणे रास्त आहे. उलट, एखाद्या मालकाने आठ महिन्यांतच गाडी विकली असेल, तर कारण समजेपर्यंत आकडा लिहूच नये. या गाडीचा पहिला मालक पाच वर्षे होता, दुसरा दोन. त्यात खटकण्यासारखे काही नाही.

अठ्ठावीस, सात आणि पंधरा हजार मिळून ५०,००० झाले. ४,३५,००० मधून ते गेले की ३,८५,००० रुपये उरतात. खरेदीदाराने पहिला आकडा ३,७५,००० सांगितला, आणि सोबत हिशेबाचा कागदही पुढे केला.

विक्रेत्याने तो सावकाश वाचला आणि म्हणाला, “टायर मी नवे घालून देतो. मग किती?”

तसे झाले तर ३,८५,००० मध्ये टायरचे पूर्ण १६,००० वाढवावेत, कारण वजा केलेले आठ परत येतात आणि सर्वसाधारण गाडीपेक्षा वरचढ झालेल्या टायरचे आणखी आठ मिळतात. म्हणजे ४,०१,००० रुपये. अट एवढीच, की त्या टायरवरचे चार अंक गेल्या काही महिन्यांतले असावेत आणि बिल गाडीच्या कागदांबरोबर मिळावे.