एका परिच्छेदातल्या आठ ओळी

(दृश्य: टेबलावर एक छापील कागद. त्यावर पाचच वाक्ये आहेत. शेजारी संगणकावर रिकामी स्प्रेडशीट.)

रजा आणि पगाराचे नवे सॉफ्टवेअर सुरू करताना कोण कोणाच्या हाताखाली काम करतो, ही माहिती दोन स्तंभांच्या फाइलमध्ये मागितली जाते: एका स्तंभात कर्मचारी आणि दुसऱ्यात त्याचा वरिष्ठ. कारखान्याकडून मात्र ती बहुधा वाक्यांतच लिहून येते. आपण उदाहरणादाखल असाच एक परिच्छेद तयार केला आहे. त्यातला कारखाना आणि माणसे काल्पनिक आहेत.

(पडद्यावर परिच्छेद एकेक वाक्य करून उमटतो.)

«विद्या गोखले या कारखान्याच्या महाव्यवस्थापक आहेत. उत्पादन विभागाचे सुहास मोरे आणि हिशेब विभागाच्या नीता साने गोखले मॅडमना रिपोर्ट करतात. मोऱ्यांच्या हाताखाली अनिल पाटील आणि रेखा जाधव हे दोन सुपरवायझर आहेत. पाटलांकडे फिटर गणेश शिंदे आणि वेल्डर इम्रान शेख काम करतात. स्टोअरचे दिलीप पाटील सान्यांना रिपोर्ट करतात, पण रोजच्या मालाच्या नोंदीबाबत ते मोरेंना जबाबदार असतात.»

वाक्ये पाच आहेत, पण ओळी आठ होणार आहेत, कारण माणसे आठ आहेत. वाक्य पुष्कळदा वरिष्ठापासून सुरू होते आणि त्याच्या हाताखालच्या सगळ्यांना एकत्र सांगून टाकते, पण फाइलमधली ओळ ही एकेका कर्मचाऱ्याची असते. म्हणून «मोऱ्यांच्या हाताखाली दोन सुपरवायझर» या वाक्याच्या दोन ओळी होतात, एक पाटलांची आणि एक जाधवांची. दोन्ही नावे एकाच चौकटीत स्वल्पविराम देऊन लिहिली, तर सॉफ्टवेअर तो एकच माणूस समजेल, किंवा त्या स्वल्पविरामापाशी नवा स्तंभ सुरू झाला असे मानेल.

यानंतरचा प्रश्न दिशेचा आहे आणि मराठीत तो विशेष जपून सोडवावा लागतो. शब्दांच्या क्रमावर विसंबता येत नाही, कारण «पाटील मोऱ्यांना रिपोर्ट करतात» आणि «मोऱ्यांना पाटील रिपोर्ट करतात» या दोन वाक्यांचा अर्थ एकच आहे. येथे ‘ना’ हा प्रत्यय ज्याला लागला, तो वरिष्ठ. पण तेवढाच नियम धरून पुढे गेलो, तर «पाटलांना मोरे काम वाटून देतात» या वाक्यात फसगत होते, कारण ‘ना’ लागलेले पाटील या वेळी कर्मचारी आहेत. त्यामुळे आधी क्रियापद वाचावे, मग प्रत्यय पाहावा आणि नावे सर्वांत शेवटी उचलावीत, हाच क्रम मला भरवशाचा वाटतो.

(दृश्य: ‘मोऱ्यांच्या’ आणि ‘मोरेंना’ हे दोन शब्द मोठे होऊन शेजारी शेजारी येतात.)

आता नावांकडे पाहू. प्रत्यय लागताना आपल्याकडे आडनावाचे रूपच बदलते, आणि तेही प्रत्येक लिहिणाऱ्याच्या सवयीप्रमाणे. एकाच परिच्छेदात ‘मोऱ्यांच्या’ही आहे आणि ‘मोरेंना’ही आहे. ‘सान्यांना’मागे साने आहेत, ‘पाटलांकडे’मागे पाटील आहेत, आणि ‘गोखले मॅडम’ म्हणजे विद्या गोखलेच. नुसता प्रत्यय कापला तर ‘मोऱ्यां’, ‘सान्यां’ अशी नावे उरतात आणि त्या नावाचे कोणीही कारखान्यात नाही. यासाठी ओळी लिहायला घेण्यापूर्वी आठही जणांची पूर्ण नावे एका जागी लिहून काढावीत आणि दोन्ही स्तंभांत नाव भरताना ते त्याच यादीतून, अक्षरनअक्षर तसेच घ्यावे.

(पडद्यावर फाइल तयार होते.)

```
employee,manager
विद्या गोखले,
सुहास मोरे,विद्या गोखले
नीता साने,विद्या गोखले
अनिल पाटील,सुहास मोरे
रेखा जाधव,सुहास मोरे
गणेश शिंदे,अनिल पाटील
इम्रान शेख,अनिल पाटील
दिलीप पाटील,नीता साने
```

विद्या गोखले यांच्या ओळीत स्वल्पविरामानंतर काहीच नाही आणि ते हेतुपूर्वक आहे. त्यांच्या वर या परिच्छेदात कोणी नाही, म्हणून ती जागा रिकामी ठेवायची. तेथे रेघ मारली किंवा ‘लागू नाही’ असे लिहिले, तर त्या नावाचा वरिष्ठ शोधत सॉफ्टवेअर अडून बसेल.

तपासणीसाठी स्प्रेडशीटमधली दोन सूत्रे पुरतात. ती C आणि D या मोकळ्या स्तंभांत लिहून दुसऱ्या ओळीपासून खालपर्यंत ओढायची आणि फाइल जतन करण्यापूर्वी पुसून टाकायची.

```
=COUNTIF(A:A,A2)
=COUNTIF(A:A,B2)
```

पहिल्या सूत्राचे उत्तर प्रत्येक ओळीत 1 यायला हवे. दिशा चुकून «मोऱ्यांच्या हाताखाली» हे वाक्य उलटे लिहिले गेले, तर सुहास मोरे पहिल्या स्तंभात तीनदा येतात आणि उत्तर 3 दिसते. दुसऱ्या सूत्राचे उत्तर फक्त गोखले यांच्या ओळीत 0 येते. इतर कोठेही 0 दिसले, तर त्या ओळीतला वरिष्ठ कर्मचाऱ्यांच्या यादीत नाही, असे समजावे. बहुतेक वेळा तेथे ‘मोऱ्यां’सारखे अर्धे सोललेले नाव किंवा नावामागे राहिलेली एखादी मोकळी जागा सापडते.

एक चूक मात्र या दोन्ही सूत्रांच्या हाती लागत नाही. परिच्छेदात पाटील दोन आहेत. «पाटलांकडे फिटर आणि वेल्डर काम करतात» यातले पाटील हे अनिल पाटील, असे आपण मागच्या वाक्यावरून ठरवले. कोणी तेथे दिलीप पाटील लिहिले असते, तरी दोन्ही सूत्रांनी बिनतक्रार 1 हेच उत्तर दिले असते, आणि गणेश शिंदे यांचा रजेचा अर्ज स्टोअरमध्ये जाऊन पडला असता. म्हणून एकाच आडनावाची दोन माणसे दिसली की कारखान्याला फोन करून खात्री करावी, आणि शक्य असेल तेथे नावाऐवजी कर्मचारी क्रमांक मागून घ्यावा.

(दृश्य: शेवटच्या वाक्यातला ‘पण’ हा शब्द ठळक होतो.)

फोनवर असतानाच शेवटच्या वाक्यातल्या ‘पण’विषयीही विचारून घ्यावे. दिलीप पाटील सान्यांना रिपोर्ट करतात आणि मोरेंना जबाबदार असतात, मग त्यांचे वरिष्ठ कोण? «त्यांच्या रजेच्या अर्जावर सही कोणाची होते?» असा साधा प्रश्न विचारला की बहुधा उलगडा होतो. आपल्या उदाहरणात सही सान्यांची आहे, म्हणून फाइलमध्ये त्यांचेच नाव आले. मोरेंशी असलेले नाते खोटे नाही, पण दोन स्तंभांच्या या फाइलमध्ये त्याला जागा नाही. दिलीप पाटील यांची दुसरी ओळ लिहिली, तर पहिले सूत्र 2 दाखवील आणि पुष्कळ सॉफ्टवेअर ती फाइल परत करतील. ते नाते वेगळ्या फाइलमध्ये, ‘मालाच्या नोंदीपुरते’ असे कारण जोडून ठेवावे.

राहिले ते फाइल जतन करणे. एक्सेलमध्ये नुसता `CSV (Comma delimited)` हा पर्याय निवडला, तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते, आणि ती फाइल पुन्हा उघडून अक्षरे परत मिळत नाहीत. `CSV UTF-8 (Comma delimited)` हा पर्याय निवडावा, फाइल बंद करून साध्या नोटपॅडमध्ये उघडावी आणि ओळी मोजाव्यात.

(दृश्य: नोटपॅडमध्ये उघडलेली फाइल. मथळ्याची एक ओळ आणि त्याखाली आठ नावे.)