व्याध थरथरतो, गुरू का थरथरत नाही?

(गच्चीवरच्या आकाशनिरीक्षणाआधी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, जिना चढताना एका काकांनी मला अडवलं. म्हणाले, "यात व्याख्यान कसलं द्यायचं? ताऱ्याला स्वतःचा प्रकाश असतो म्हणून तो लुकलुकतो. ग्रहाचा प्रकाश उसना, म्हणून तो स्थिर." हेच उत्तर लिहून शाळेत मीही मार्क मिळवलेत. पण मग सूर्याचं काय करायचं? त्याचा प्रकाश तर अस्सल स्वतःचा, आणि तो लुकलुकत नाही. उलट वेस्टा हा लघुग्रह सूर्याच्या उसन्या प्रकाशावर जगतो, तरी लहान द्विनेत्रीतून बघितला तर शेजारच्या ताऱ्यांसारखाच लुकलुकतो. तेव्हा प्रकाश कुणाचा, याचा इथे काही संबंध नाही. तो ठिपका आपल्याला केवढा दिसतो, यावर सगळं आहे.

जानेवारी २०२६ मध्ये याचा छान नमुना आकाशात होता. गुरू मिथुन राशीत, १० तारखेला बरोबर सूर्याच्या विरुद्ध दिशेला. संध्याकाळी साडेसातला पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे गुरू, उजवीकडे खाली नुकताच उगवलेला व्याधाचा तारा. दोघंही ठळक, दोघंही क्षितिजापासून फार वर नाहीत. गुरू देवघरातल्या समईसारखा शांत. व्याध मात्र क्षणात निळा, क्षणात तांबडा, मध्येच विझल्यासारखा.

आता त्यांचे आकार बघू. व्याध सूर्याच्या पावणेदोन पट रुंद आहे खरा, पण साडेआठ प्रकाशवर्षांवर. तिथून तो एवढा लहान दिसतो, की मुंबईत उभं राहून नागपुरात ठेवलेलं रुपयाचं नाणं बघावं. गुरू त्या दिवसांत केवढा होता? तेच नाणं नव्वद मीटरवर ठेवा, तेवढा. नुसत्या डोळ्याला दोन्ही ठिपकेच वाटतात, पण हवेला हा फरक बरोबर कळतो.

हवा काय करते? तापमान एका अंशाने बदललं की हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची तिची ताकद दाखवणारा आकडा, साधारण दहा लाखांत एक भागाने बदलतो. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण वर आठ-दहा किलोमीटरवर वेगवान वारे वाहतात, तिथे गरम-थंड हवा सतत घुसळली जाते, आणि तिचा प्रत्येक गोळा एका अत्यंत कमकुवत भिंगासारखा वागतो. किरण किंचित गोळा करतो किंवा किंचित पांगवतो. दहा किलोमीटर खाली येईपर्यंत त्या किंचितचं बरंच काही होतं.

उन्हात पाण्याचा हौद आठवा. पाणी हललं की तळावर उजेडाची जाळी नाचते. आपण अशाच एका हौदाच्या तळाशी उभे आहोत. ताऱ्याच्या प्रकाशाची उजळ-काळोखी नक्षी रात्रभर जमिनीवरून सरकत असते. एवढी मंद, की दिसत नाही. तिचे पट्टे केवढे रुंद, ते प्रकाशाची तरंगलांबी आणि त्या थराचं अंतर यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावरून ठरतं: अर्धा मायक्रॉन गुणिले दहा किलोमीटर, वर्गमूळ सात सेंटिमीटर. अंधारात आपली बाहुली उघडते सहा-सात मिलिमीटर. म्हणजे पूर्ण डोळा एका वेळी एकाच पट्ट्यात असतो, कधी उजळ, कधी काळोख्या. वारा सेकंदाला वीस-पंचवीस मीटर धरला, तर एक पट्टा तीन-चार मिलिसेकंदांत निघून जातो. तेच लुकलुकणं.

मग गुरूचं काय वेगळं? डोळ्यापासून गुरूच्या तबकडीच्या कडांपर्यंत रेषा ओढा. दहा किलोमीटरवर त्या शंकूची रुंदी होते सुमारे सव्वादोन मीटर. व्याधासाठी तोच हिशेब केला तर येतो पाव मिलिमीटरच्या आसपास. व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत येतो तो बाहुलीएवढ्या बारीक नळीतून, एका वेळी हवेच्या एकाच भिंगातून. गुरूचा प्रकाश एकाच वेळी हजारेक भिंगांमधून येतो. एक भिंग उजेड वाढवतं, शेजारचं कमी करतं, आणि बेरीज जवळपास तीच राहते. हजार स्वतंत्र चढउतारांची सरासरी काढली की चढउतार हजाराच्या वर्गमुळाने, म्हणजे तीसेक पटीने, कमी होतो. तेवढा फरक डोळ्याला कळत नाही. गुरूच्या तबकडीवरचा प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे ताऱ्यासारखाच लुकलुकतोय, फक्त ते सगळे एका तालात नाहीत.

व्याधाचे रंग हा पुढचा भाग. क्षितिजाजवळ हवा लोलकासारखी वागते. निळा किरण तांबड्यापेक्षा जास्त वाकतो, म्हणून तुमच्या डोळ्यात एकत्र येणारे निळे आणि तांबडे किरण वर वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या भिंगांमधून आलेले असतात. निळा उजळला त्या क्षणी तांबडा मंद असू शकतो. व्याध डोक्याकडे चढला की या वाटा जवळ येतात आणि रंग मावळतात. दक्षिणेकडच्या अगस्त्य ताऱ्याचं मात्र तसं होत नाही. तो पुण्याहून एकोणीस अंशांच्या वर चढतच नाही, त्यामुळे त्याची चुळबुळ रात्रभर चालू.

इथे माझी एक फजिती सांगतो. गुरू स्थिर, या विश्वासावर मी एप्रिलमधल्या एका संध्याकाळी घराच्या गच्चीवर आठ इंची दुर्बीण मांडली. दिवसभर तापलेला स्लॅब. दुर्बिणीत गुरू उकळत्या दुधासारखा. त्याच्या अंगावरचे पट्टे दिसेचनात. आरसा बिघडला समजून मी पुन्हा पुन्हा स्क्रू पिळत बसलो. मान वर करून नुसत्या डोळ्यांनी बघावं, तर गुरू शांत! दुसऱ्या दिवशी दुर्बीण खाली हिरवळीवर नेली आणि पट्टे दिसले.

झालं असं, की लुकलुकणं वेगळं आणि प्रतिमा हलणं वेगळं. स्लॅबवरची गरम हवा डोळ्याच्या अगदी जवळ असते. उथळ परातीच्या तळाशी उजेडाची जाळी नीट पडत नाही, कारण किरणांना एकत्र यायला खोलीच मिळत नाही, तसंच हे. तेजात फरक पडत नाही, पण किरणांची दिशा हलते आणि मोठं करून बघितलं की चित्र पुसट होतं. उलट, मोठ्या दुर्बिणीचं तोंड त्या नक्षीतले कित्येक उजळ-काळोखे पट्टे एकदम गोळा करतं, म्हणून तिच्यात ताऱ्याचं लुकलुकणं कमी होतं. न्यूटननेही १७०४ साली हे लिहून ठेवलंय, आणि उपाय म्हणून उंच पर्वतमाथे सुचवलेत. लडाखमधल्या हान्ले इथली दोन मीटरची दुर्बीण साडेचार हजार मीटरवर आहे, ती उगाच नाही.

"ग्रह लुकलुकत नाही" यालाही मर्यादा आहेत. बुध लहान, आणि दिसतो तो कायम क्षितिजालगत. तो खुशाल लुकलुकतो. मंगळ लांब गेला की त्याची तबकडी गुरूच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान होते, तेव्हा तोही क्षितिजाजवळ फसवतो. शुक्र कोरीच्या रूपात असताना मावळताना थरथरलेला मी पाहिलाय. म्हणून अनोळखी ठिपका वीस-तीस अंश वर येईपर्यंत निकाल देऊ नका.

आता गच्चीवर गेलो की मोबाईल काढा. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये एक सेकंदाचं एक्स्पोजर ठेवा, फोकस अनंतावर, आणि फोटो निघत असताना फोन हळूच आडवा फिरवा. ग्रहाची रेघ सलग उमटेल. व्याधाची तुटक येईल, निळे-हिरवे-तांबडे मणी ओवल्यासारखी. काका, तुमचा फोन पहिला. आणि शेवटच्या पायरीवर दिवा नाही, सांभाळून.