विसर्गाची रेघ आणि दोन टिपा

(दृश्य: बाबा भिडे पूल, खाली गढूळ मुठा. मग पडद्यावर निळी रेघ.)

नदीला किती पाणी आलंय, हे पुणेकर भिडे पुलावरून सांगतो. आपण ते खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्यावरून, म्हणजे विसर्गावरून बघू. 2024 चा पावसाळा, आडवी तारीख, उभे क्युसेक.

जूनभर रेघ तळाशी झोपलेली. मग 25 जुलैला ती 35 हजारांच्या आसपास जाते, खाली येते आणि ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा उसळते. मधे बारीक उंचवटे पुष्कळ.

(दृश्य: त्याच आलेखावर चौदा चौकटी, बाणांचा गुंता.)

आलेखावर टिपा लिहिण्याचा हा माझा पहिला प्रयत्न. प्रत्येक उंचवट्याला चौकट, प्रत्येक चौकटीला बाण. रेघ शोधावी लागतेय!

टीप कुणाला द्यायची, हे नुसत्या उंचीवर ठरत नाही. मोठ्या शिखराच्या खांद्यावरचा टेंगूळही उंच असतो. बघायचं ते हे, की पुन्हा तेवढं वर चढायच्या आधी रेघ दोन्ही बाजूंना किती उतरली. पायथनमध्ये scipy.signal मधून find_peaks आयात केलं आणि विसर्गाचे आकडे q मध्ये ठेवले, की हेच काम एका ओळीत होतं:

```
find_peaks(q, prominence=10000)
```

10000 हा आकडा माझ्या अंदाजाचा. लहान आकड्यापासून वाढवत इथवर आले, तेव्हा दोनच शिखरं उरली.

भिडे पूल पाण्याखाली गेला, ही गोष्ट मोसमात पुन्हा पुन्हा घडते. तिला शब्द नकोत. त्या तारखांना तळाच्या अक्षावर छोट्या उभ्या खुणा केल्या आणि त्यांचा अर्थ एकदाच कोपऱ्यात लिहिला.

(दृश्य: जूनच्या वरची मोकळी जागा उजळते.)

आता जागा. रेघ जूनमध्ये खाली आहे, म्हणजे डावीकडे वर मैदान मोकळं. पहिली टीप तिथे, दोन ओळींत, चौकटीशिवाय. शिखरापर्यंत एक बारीक करडी रेषा, मुख्य रेघेला न ओलांडणारी.

मजकुरावर मात्र मी अडले. आधी लिहिलं होतं ‘अतिवृष्टी’. पण ही रेघ पावसाची नाही, धरणातून सोडलेल्या पाण्याची आहे. खडकवासला जेमतेम दोन टीएमसीचं. घाटात कोसळलं आणि वरच्या धरणांतूनही पाणी आलं, की ते साठवणार कुठे? म्हणून टीप झाली: ‘25 जुलै: विसर्ग वाढवला, सिंहगड रस्त्यालगत पूर’.

आकडा टिपेत घातला आणि तो रेघेशी जुळेना. कारण रेघ मी दिवसाच्या सरासरीची काढली होती. काही तासांचं शिखर त्यात खाली बसतं. तासाची नोंद घेतली, तेव्हा जुळलं.

(दृश्य: रेघेत अचानक शून्यापर्यंतचा खड्डा.)

आणि हा खड्डा? एका तासात हजारो क्युसेकवरून शून्य, पुढच्या तासाला पुन्हा पूर्ववत. दरवाजे असे मिटून उघडत नाहीत; नोंदच करायची राहिलेली, रकान्यात शून्य पडलेलं. तिथे रेघ तुटलेली ठेवली. टीप नाही.