आधी पिक्सेल, मग केबी

आज मी एकच केस घेणार आहे, आपले सरकार पोर्टलवरचा फोटो, कारण तो एक नीट जमला की बाकीचे पोर्टल तुम्ही स्वतःच सोडवाल. तिथे अट अशी आहे: फोटो जेपीईजी, साईज ५ ते २० केबी, रुंदी १६० पिक्सेल, उंची २०० ते २१२ पिक्सेल. म्हणजे अटी एक नाही तीन आहेत, आणि बहुतेक लोक फक्त २० केबी वाचतात, मग गुगलवर सापडलेल्या कुठल्यातरी साईटवर फोटो टाकतात, तिथून १९ केबीचा फोटो मिळतो, आणि पोर्टल तो परत नाकारतं.

असं का होतं बघा. मोबाईलने काढलेला फोटो समजा ३००० बाय ४००० पिक्सेलचा आहे, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. आता एवढे ठिपके तसेच ठेवून तुम्ही ते २० केबीत बसवायला सांगितलंत तर सॉफ्टवेअरला क्वालिटी पार तळाला न्यावी लागते, चेहऱ्यावर चौकोन चौकोन दिसायला लागतात, आणि एवढं करून रुंदी ३०००च राहते. त्याउलट आधी १६० बाय २०६ केलात तर ठिपके उरतात जेमतेम ३३ हजार, आणि ते चांगल्या क्वालिटीत सुद्धा बहुतेक वेळा २० केबीच्या आत सहज बसतात. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी क्रॉप, मग पिक्सेल, केबी सगळ्यात शेवटी.

आता क्रॉप कशाला, सरळ रिसाईझ का नाही? करून बघा. पेंटमध्ये फोटो उघडा, Resize मध्ये Pixels निवडा, Maintain aspect ratio ची खूण चालू ठेवा आणि रुंदी १६० टाका. मोबाईलचा फोटो ३:४ प्रमाणातला असतो, त्यामुळे उंची आपोआप येते २१३. मर्यादा २१२! एका पिक्सेलने फोटो बाद, आणि माणूस केबी कमी करत बसतो. काहीजण मग ती खूण काढून उंची हाताने टाकतात, पण मूळ प्रमाण वेगळं असेल तर चेहरा चेपतो किंवा ताणला जातो, ते करू नका. पासपोर्ट साईजचं प्रमाण म्हणजे ३५ बाय ४५, त्यात क्रॉप करा, मग रुंदी १६० टाकली की उंची २०६ येते, अगदी मधोमध.

पेंटमध्ये क्वालिटी निवडता येत नाही, म्हणून शेवटची पायरी मी इरफानव्ह्यूमध्ये करतो, ते घरगुती वापराला फुकट आहे. सेव्ह करताना जेपीजी निवडलं की बाजूला Save quality ची पट्टी येते, ८५-९० ला ठेवा. साईज तरी जास्तच येत असेल तर Set file size मध्ये १८ टाका, २० नाही, कारण कोणी १००० बाइटचा केबी मोजतं कोणी १०२४ चा. तिथेच मूळ EXIF माहिती ठेवायची खूण असते ती काढा, कॅमेरा त्यात कधीकधी एक छोटा फोटो लपवून ठेवतो, आणि २० केबीच्या फाईलमध्ये तेवढंही जड होतं. तयार फोटोत डीपीआयचा, म्हणजे इंचाला किती ठिपके त्याचा, आकडा बदलून काही होत नाही, ठिपके तेवढेच राहतात.

तपासायचं कसं, तर फाईलवर राइट क्लिक, Properties, तिथे Size बघा, Size on disk नाही, तो आकडा डिस्कच्या ठोकळ्यांत मोजलेला असतो आणि फसवतो. Details मध्ये रुंदी-उंची दिसते. आणि एक्स्टेन्शन बदलून फॉरमॅट बदलत नाही हो! पीएनजीचं नाव .jpg केलं तरी आत पीएनजीच राहतं, आयफोनच्या एचईआयसीचं पण तेच. उघडून Save as करायला लागतं.

कागदपत्रांना खालची मर्यादा जास्त त्रास देते. तिथे ७५ ते ५०० केबी असं दिलेलं असतं (मर्यादा बदलतात, तुमच्या पानावर त्या दिवशी जे लिहिलंय तेच धरा), आणि लोक भीतीने उत्पन्नाचा दाखला ४० केबीवर आणतात, तो बाद होतोच आणि तहसीलदारांचा गोल शिक्काही वाचता येत नाही. ए-फोर पान १५० डीपीआयला स्कॅन करा, साधारण १२४० बाय १७५४ पिक्सेल येतं, ग्रेस्केल ठेवा आणि क्वालिटी खालीवर करून रेंजमध्ये आणा. निव्वळ काळापांढरा मोड नको, त्यात फिकट निळा शिक्का उडून जातो. सेव्ह केल्यावर पान शंभर टक्क्यांवर उघडून दाखल्याचा नंबर आणि शिक्क्यातली अक्षरं वाचता येतात का ते बघा, वाचता आली नाहीत तर क्वालिटी वाढवा, ५०० पर्यंत जागा आहे.

आणि हे सगळं स्वतःच्याच कॉम्प्युटरवर करा, आधार आणि जातीचा दाखला अनोळखी साईटवर चढवायची काहीच गरज नाही.