दिवाळीचा माल आणि घरातलं सोनं

नमस्कार मंडळी. एका सहकारी बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. सप्टेंबर लागला की दुकानदारांची ये-जा वाढायची आणि प्रश्न ठरलेला असायचा: दागिने ठेवू, की वैयक्तिक कर्ज काढू?

समजा, एका वहिनींचं बांगड्या-कटलरीचं दुकान आहे. दिवाळीसाठी पुण्याच्या बोहरी आळीतून दोन लाखांचा माल भरायचा आहे. भाऊबीज झाली, की पैसे मोकळे. म्हणजे गरज तीन महिन्यांची.

आधी वैयक्तिक कर्ज बघू. व्याज सोळा टक्के, मुदत दोन वर्षं. हप्ता बसतो साधारण ९,७९३ रुपये, आणि पहिला हप्ता येतो पुढच्याच महिन्यात. माल अजून गठ्ठ्यातून सुटलेलाही नसतो. तीन हप्त्यांत जवळजवळ २९ हजार परत गेले, म्हणजे भांडवल म्हणून आणलेल्या पैशातूनच हप्ते भरले.

बरं, दिवाळीनंतर कर्ज मिटवू म्हटलं, तर खरा खर्च तेव्हा दिसतो. तीन महिन्यांचं व्याज ७,७०० च्या आसपास. प्रक्रिया शुल्क दोन टक्के आणि त्यावर जीएसटी, ४,७२०. स्थिर दराचं कर्ज मुदतीआधी बंद करायला चार टक्के आकार असेल, तर जीएसटी धरून आणखी ८,४०० च्या वर. एकूण वीस हजार पार. आणि काही ठिकाणी सुरुवातीचे काही महिने कर्ज बंदच करू देत नाहीत.

आता तेच दोन लाख सोन्यावर. बारा टक्के दर धरला तर तीन महिन्यांचं व्याज सहा हजार. मूल्यांकन आणि कागदपत्रांचे हजारभर धरले तरी सात हजार. मुद्दल शेवटी एकदम भरता येईल अशी योजना घेतली, तर मधल्या काळात गल्ल्यावर हप्त्याचा भार नाही. फरक तेरा-चौदा हजारांचा. बांगड्यांच्या धंद्यात एवढे सुटायला किती डझन विकावे लागतात, ते दुकानदारालाच विचारा.

सोनं किती लागेल? भाव रोज हलतो, म्हणून हिशेबाला सोपा असा ग्रॅमला दहा हजार धरू. किमतीच्या पंचाहत्तर टक्के कर्ज मिळालं, तर पावणेतीन तोळे लागतील. पण घरच्या वजनावर जाऊ नका. साडेतीन तोळ्यांचं मंगळसूत्र आणि तोडे काउंटरवर यायचे, सोनार काळे मणी, खडे, आतली लाख वजा करायचा आणि निव्वळ सोनं पावणेतीन निघायचं. माणसाला वाटायचं, बँकेने पाऊण तोळा मारला. खरं तर ते सोनं कधी नव्हतंच. शिवाय दागिने बावीस कॅरेटपेक्षा कमी कसाचे असतील, तर किंमत त्या प्रमाणात उतरते.

एवढं ऐकून लगेच डबा उघडू नका. सोनेतारण महाग पडतं ते दिवाळीनंतर. विक्रीचे पैसे येतात, पण संक्रांतीच्या मालात जातात. मग फक्त व्याज भरून कर्ज नवं करून घ्यायचं. महिन्याला दोन हजार, वर्षाला चोवीस हजार, आणि मुद्दल जिथल्या तिथे. असे दागिने मी चार-चार वर्षं तिजोरीत पडलेले पाहिलेत. त्यात सोन्याचा भाव घसरला, की बँक काही रक्कम भरा म्हणते किंवा आणखी सोनं मागते. थकलं तर आधी नोटीस येते, मग लिलाव होतो.

म्हणून कर्ज घेतानाच विचारा: हा कमी दर दरमहा व्याज भरलं तरच आहे का? चुकलं तर दर किती होतो? सही करण्याआधी महत्त्वाच्या माहितीचं पत्रक मिळतं. त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा तो वाचा.

वैयक्तिक कर्जाला जागाच नाही, असं नव्हे. दुकानात फर्निचर करायचंय, किंवा माल उधारीवर जातो आणि पैसे वर्षभर तुकड्या-तुकड्याने येतात, तर महिन्याचा हप्ता बरा. मुदतीच्या आधी बंद करायची घाई नसेल, तर तो चार टक्क्यांचा आकारही लागत नाही. शिवाय दागिने वहिनींचे असतात आणि सही दादांची, असंही मी पुष्कळदा पाहिलंय. वहिनींना मनापासून ठेवायचे नसतील, तर तेरा हजार वाचवण्याचा हिशेब तिथेच संपतो.

कर्ज फिटलं, की दागिने लगेच मागा. १ एप्रिल २०२६ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते जास्तीत जास्त सात कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवेत. बँकेकडून उशीर झाला, तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे. आणि ठेवताना मिळालेली पावती सोबत न्या. तिच्यावर दागिन्यांची संख्या, एकूण वजन आणि निव्वळ वजन लिहिलेलं असतं. काउंटर सोडण्याआधी त्याच काट्यावर पुन्हा वजन करून घ्या.