पांढऱ्या पाकिटातली पिवळी गोळी

(ज्येष्ठ नागरिक संघात एका निवृत्त रुग्णालयीन फार्मासिस्टनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सरकारी किंवा धर्मादाय दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीवर गोळ्या पुष्कळदा कागदी पाकिटातून मिळतात. मोठ्या डब्यातून मोजून काढलेल्या सुट्या गोळ्या असतात, नाहीतर पट्टी कापून दिलेली असते. पाकिटावर पेनाने ‘१-०-१’ किंवा ‘जेवणानंतर’ एवढंच लिहिलेलं असतं. औषधाचं नाव, ताकद आणि मुदत खोक्यावर किंवा पट्टीच्या टोकाला छापलेली असते. तो भाग खिडकीच्या आतच राहतो.

आज मी दोनच औषधांबद्दल बोलणार आहे. सांधेवातावर देतात ती मेथोट्रेक्सेट आणि तिच्या जोडीने देतात ती फॉलिक ॲसिड. दोन्ही गोळ्या बहुधा छोट्या, गोल आणि पिवळ्या असतात. मेथोट्रेक्सेट सांधेवातासाठी आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची असते. तिचा त्रास कमी व्हावा म्हणून फॉलिक ॲसिड देतात, ती कुणाला आठवड्यातून एकदा, कुणाला मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून रोज. म्हणजे दिसायला सारख्या दोन गोळ्या, दोन सारखी पाकिटं, आणि एक जर रोज पोटात गेली तर माणूस दगावू शकतो.

माझ्या खिडकीवर आलेलं एक प्रकरण सांगतो. एक नातू आजीची दोन पाकिटं घेऊन आला. औषध शुक्रवारी दिलेलं होतं आणि तो आला मंगळवारी सकाळी. मधल्या दिवसांत एक पाकीट फाटलं, म्हणून घरच्यांनी दोन्हीतल्या गोळ्या जुन्या पाकिटांत भरल्या होत्या. आता कुठली कुठल्यात, याची आजींना शंका आली. शंका आली आणि त्यांनी पुढची गोळी घेतली नाही, हे फार चांगलं झालं.

केसपेपरवर असं होतं: मेथोट्रेक्सेट २.५ मिलिग्रॅम, ४ गोळ्या, दर सोमवारी. फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम, १ गोळी, सोमवार सोडून रोज. औषध शनिवारपासून २८ दिवसांचं. २८ दिवसांत ४ सोमवार येतात, म्हणजे मेथोट्रेक्सेटच्या १६ गोळ्या दिल्या. उरलेल्या २४ दिवसांच्या फॉलिक ॲसिडच्या २४. आजींनी बरोबर घेतल्या असत्या, तर सोमवारच्या ४ जाऊन मेथोट्रेक्सेटच्या १२ राहायला हव्या होत्या, आणि शनिवार-रविवारच्या २ जाऊन फॉलिक ॲसिडच्या २२.

मोजल्या तर निघाल्या १४ आणि २०. एकूण बघितलं तर हव्या होत्या त्याही ३४ आणि निघाल्या त्याही ३४च! म्हणून बेरीज करून समाधान मानू नका, प्रत्येक पाकीट वेगळं मोजा. १४ म्हणजे १६ मधून २ गेल्या, २० म्हणजे २४ मधून ४ गेल्या. आजींनी शनिवारी आणि रविवारी एकेक मेथोट्रेक्सेट घेतली होती आणि सोमवारी ४ फॉलिक ॲसिड.

त्यांच्या पोटात मेथोट्रेक्सेट एकूण ५ मिलिग्रॅम गेलं होतं, आठवड्याच्या मात्रेच्या निम्मं. तरी मी त्यांना लगेच डॉक्टरांकडे पाठवलं आणि डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं. हेच सोमवार सोडून रोज चालू राहिलं असतं, तर आठवड्याला १० ऐवजी १५ मिलिग्रॅम झालं असतं. पण आकड्यापेक्षा मोठी गोष्ट अशी, की रोज घेतल्यावर शरीराला मधले मोकळे दिवस मिळत नाहीत. हाडांच्या मगजात रक्तपेशी तयार होणं मंदावतं. तोंड येतं, घास गिळवत नाही, ताप येतो, हिरड्यांतून रक्त येतं किंवा अंगावर निळे डाग उठतात. मूत्रपिंड कमजोर असलेल्या वयस्कर माणसाला हे लवकर होतं. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याचं तोंड आलं, तर जीवनसत्त्वाची कमतरता समजून घरी बसू नका. पाकिटं घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात जा. आणि घरच्या फॉलिक ॲसिडच्या जास्त गोळ्या देऊन उतारा करायला जाऊ नका. उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड हे वेगळं औषध डॉक्टर देतात.

आता तुम्ही विचाराल, मोजून कळलं ना, मग त्याच गोळ्या परत वापरल्या का? नाही. हिशोबावरून आजींनी काय घेतलं एवढंच कळलं. जुन्या पाकिटात भरताना दोन-तीन गोळ्या इकडच्या तिकडे झाल्या नसतीलच, असं हिशोब सांगत नाही. शिवाय एखाद्या दिवशी गोळी घ्यायची राहून गेली असेल तर हिशोबच बसत नाही. आम्ही त्या दिवशीच्या साठ्यातल्या गोळ्या शेजारी ठेवून पाहिल्या, नोंदवहीतून बॅच काढली, आणि तरीही आलेल्या सगळ्या गोळ्या जमा करून घेऊन नव्या दिल्या, पट्टीसकट. एकदा मिसळलेल्या गोळ्या निवडत बसायचं नाही, हे माझं ठाम मत आहे.

काही तरुण मंडळी मोबाइलवर गोळीचा रंग आणि आकार टाकून नाव शोधतात. अमेरिकेत गोळ्यांवर अक्षरांचा आणि आकड्यांचा छाप असावा असा नियम आहे, आणि ती शोधयंत्रं बरीचशी त्या छापावर चालतात. आपल्याकडे तशी सक्ती नाही, बऱ्याच गोळ्या कोऱ्या असतात. तेच औषध दुसऱ्या कंपनीचं आलं की रंगही बदलतो. चव घेऊन किंवा मोडून बघणं तर मुळीच नको. मेथोट्रेक्सेटची भुकटी गरोदर बाईच्या हाताला लागणंही योग्य नाही.

पाकिटावरच्या अक्षराचंही सांगतो. घाईत काढलेला मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. ‘सो.’ म्हणजे सोमवार, पण वरची मात्रा पुसट झाली की ते सायंकाळचा ‘सा.’ वाटतं, आणि आठवड्याची गोळी रोज सायंकाळची होते. २.५ मधला टिंब उडाला की २५. मेथोट्रेक्सेटची १० मिलिग्रॅमची गोळीही बाजारात मिळते, तेव्हा नुसतं ‘४ गोळ्या’ लिहिलेलं अपुरं आहे. खिडकीवरच सांगा, “दादा, नाव आणि ताकद लिहा, वार पूर्ण लिहा.” रांग मोठी असते, मागचे कुरकुरतात, तरी सांगा. पट्टी कापून देत असतील तर नाव असलेलं टोक मागून घ्या आणि गोळ्या संपवताना ते टोक शेवटी ठेवा. जागेवरच केसपेपर, पाकीट आणि गोळी यांचा एकत्र फोटो काढा. केसपेपरवरची औषधं आणि हातातली पाकिटं मोजून जुळवा. रिकामं झालेलं पाकीट फाडून टाका, त्यात दुसरं काही भरू नका.

एवढं करूनही घरी ओळख पटली नाही, तर ती गोळी घेऊ नका. मेथोट्रेक्सेटची एखादी मात्रा पुढे-मागे झाली तर सहसा बिघडत नाही, विचारायला वेळ असतो. पण फिट्सची गोळी, स्टिरॉइड, हृदयाची काही औषधं अशी अचानक थांबवणं धोक्याचं असतं. तिथे ‘पुढच्या तारखेला विचारू’ चालत नाही. त्याच दिवशी, त्याच खिडकीवर, केसपेपर आणि सगळी पाकिटं घेऊन जायचं. खिडकी बंद असेल तर अपघात विभागात विचारायचं, तिथे रात्रीही डॉक्टर असतात.