शोपर्ला: एका कवितेच्या यादीत दडलेलं सगळं

(दृश्य: बुखारेस्ट. काल्या विक्तोरिएइ या रस्त्यावरची दुपार. गर्दी, कॅफे, फुटपाथ.)

रुमानियाच्या राजधानीतला हा रस्ता, काल्या विक्तोरिएइ. आज इथे लोक कॉफी पीत निवांत बसतात. १९८४ साली या फुटपाथवर काही तरुण उभे असायचे. अंगात साधे कपडे. काही विकायचं नसे, कुणाची वाट पाहायची नसे, तरी तासन्‌तास उभे. राष्ट्राध्यक्ष निकोलाय चाउशेस्कू यांच्या गाड्यांचा ताफा या बाजूने जायचा आणि ही पोरं होती सेकुरितातेची, म्हणजे गुप्त पोलिसांची. सगळ्या शहराला ते ठाऊक होतं, आणि कुणीही ते मोठ्याने म्हणत नव्हतं.

त्याच वर्षी डिसेंबरात एका मासिकात कविता छापून आली. तिच्यात ही पोरं होती. 'काल्या विक्तोरिएइवरची पोरं', बस्स, एवढंच. त्यांच्या आधीचा शब्द होता 'विनोद' आणि नंतरचे शब्द 'समुद्रातले मासे'.

(दृश्य: ग्रंथालयाचं टेबल. पिवळी पडलेली पानं उलटणारा हात.)

मासिकाचं नाव आम्फितेआत्रु. विद्यार्थ्यांसाठी निघणारं साहित्यिक मासिक. कवयित्री आना ब्लांडियाना. त्या अंकात त्यांच्या चार कविता होत्या आणि आपण ज्या कवितेबद्दल बोलतोय तिचं नाव 'तोतुल', म्हणजे 'सगळं'.

ब्लांडियाना हे टोपणनाव. वडील धर्मगुरू आणि राजकीय कैदी, त्यामुळे १९५९ साली, शाळकरी वयातच, पहिली कविता छापून आल्याबरोबर या मुलीच्या लेखनावर बंदी आली होती. सत्तेला काय खुपतं हे ती फार लवकर शिकली होती.

(दृश्य: ग्रंथालयाचा लांब व्हरांडा. बंद दारं.)

आता एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्याशिवाय ही कविता कळत नाही. १९८४ मध्ये रुमानियात कागदोपत्री सेन्सॉर नव्हता! १९७७ साली चाउशेस्कूंनी सेन्सॉरचं कार्यालय बंद केलं होतं. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात झालं असं, की पूर्वी मजकूर एका सरकारी माणसाकडे जायचा, त्याचा शिक्का पडला की संपादक मोकळा. आता शिक्काच गेला. जे छापलं जाईल त्याची जबाबदारी संपादकाची, प्रकाशकाची आणि लिहिणाऱ्याची. सरकारने भीती खाली वाटून टाकली. माझ्या मते इतकी स्वस्त आणि इतकी पक्की सेन्सॉरशिप दुसरी नाही. परक्या माणसाला एक वेळ चकवता येतं. इथे प्रत्येकाने स्वतःवरच पहारा ठेवायचा होता.

अशा पहाऱ्यातून जो टोमणा निसटून छापला जाई, त्याला रुमानियन लेखक-वाचकांचा एक शब्द होता: 'शोपर्ला'. म्हणजे सरडा, पाल. भेगेतून सुळकन आत शिरणारी.

(दृश्य: कवितेचं पान, जवळून. कॅमेरा एकेका ओळीवरून सरकतो.)

ही कविता पाहा. वाण्याची यादी असावी तशी दिसते. पानं, शब्द, अश्रू, पत्र्याचे डबे, मांजरं. मग 'ट्राम, कधीकधी'. मग 'पिठासाठी रांगा'. स्वल्पविराम, पुढचं नाम, पुन्हा स्वल्पविराम. शेवटपर्यंत एकही पूर्ण वाक्य नाही.

हे विसरून चालणार नाही. वाक्य असतं तर विधान असतं आणि विधान असतं तर आरोप ठेवता येतो. 'ट्राम येत नाहीत' असं लिहिलं की ती तक्रार झाली. 'ट्राम, कधीकधी' ही तक्रार आहे का? पेन घेऊन बसलेल्या माणसाने यातलं नेमकं काय खोडायचं? ट्राम खोडायची? की 'कधीकधी'?

पहिले तीन शब्दही मुद्दाम निवडलेत असं मला वाटतं. पानं, शब्द, अश्रू. घाईत चाळणाऱ्याला वाटावं, ही नेहमीची हळवी कविता. तो पुढे जातो. वाचक मात्र पिठाच्या रांगेपाशी थांबतो, कारण तो सकाळीच त्या रांगेत उभा होता.

(दृश्य: बाजार. मांसाच्या दुकानाची काच. बर्फावर मांडलेले डुकराचे पाय.)

यादीत पुढे एक शब्द येतो: 'आदिदाश'. अर्थात आदिदास, खेळाचे बूट. विद्यार्थ्यांच्या मासिकात बुटांचं नाव आलं तर कोण हरकत घेणार?

त्या काळी चाउशेस्कूंना देशावरचं परकीय कर्ज झपाट्याने फेडून टाकायचं होतं. त्यासाठी जे विकण्यासारखं होतं ते बाहेर जात होतं. मांस जात होतं, फळं जात होती. कसायाच्या दुकानात उरायचे ते हे, डुकराचे पाय. लोकांनी त्यांना नाव ठेवलं आदिदास. डुकराने काढून ठेवलेले बूट!

म्हणजे हे रूपक कवयित्रीने घडवलं नव्हतं. ते रांगेत उभ्या असलेल्या लोकांनी आधीच घडवून ठेवलं होतं. तिने ते उचललं आणि 'उंची प्रतीची प्रादेशिक वाइन' या सरकारी लेबलाच्या भाषेला लागून ठेवलं. 'निर्यातीत नाकारलेली सफरचंदं' हेही तसंच. परदेशी गिऱ्हाइकाने नको म्हटलेला माल आपल्या ताटात, ही अख्खी अर्थव्यवस्था या तीन शब्दांत आहे. आणि तेही खोटं नाही, बेकायदा नाही, कुणाला दूषण देणारं नाही.

(दृश्य: जुनं चित्रण. झेंडे हलवणारी मुलं, फुलांचे गुच्छ, विमानाचा जिना.)

यादीत अधूनमधून दुसऱ्या जातीचे शब्दही घुसतात. छोटे झेंडे. ओळखीच्या तसबिरी. विमानतळावरची स्वागतं. लोकांचा शांततेसाठी लढा. हेक्टरी उत्पादन. वाढदिवस. हे शब्द रोजच्या वर्तमानपत्रातले आहेत. ते खोडायचे म्हणजे सरकारचीच भाषा खोडायची.

कवितेचं खरं हत्यार हे शेजार आहे. कॉफीच्या नावाखाली मिळणारी मिसळण, आणि तिच्यानंतर लगेच लोकांचा शांततेसाठी लढा. बल्गेरियातून आलेला फळांचा डबा, आणि त्याच्यानंतर श्रमिकांची सभा. दोन्ही सुटे वाचले तर निरुपद्रवी. एकापाठोपाठ वाचले की हसू येतं, आणि हसू आलं की संपलं, सभा परत सभा राहत नाही. शेवटी 'रुमानियाचं गाणं' या नावाचा सरकारी सांस्कृतिक महोत्सव येतो, आणि त्यानंतर एकच शब्द: सगळं. सरकारी भाषणांचा तो लाडका शब्द, 'लोकांसाठी सगळं' या थाटाचा. कवितेने फक्त त्या 'सगळं'ची मोजदाद केली.

(दृश्य: चिश्मिजिउ बाग. उंच झाडं, पानगळ. झाडांवर रेंगाळणारा कॅमेरा.)

त्याच अंकातली दुसरी कविता अगदी वेगळ्या रीतीने लपते. 'मला वाटतं' हे तिचं नाव. तिच्यात यादी नाही, एकच रूपक आहे: आपण वनस्पतींचं राष्ट्र आहोत. नाहीतर पानं झडायची वाट आपण इतक्या शांतपणे कशी पाहिली असती? आणि शेवटी प्रश्न: झाडाला बंड करताना कधी कुणी पाहिलंय?

इथे चाउशेस्कू नाहीत, पक्ष नाही, पोलीस नाहीत. बाण थेट वाचकाकडे वळलेला आहे. पडद्याआडच्या भाषेचा हा फायदा सहसा लक्षात घेतला जात नाही. 'हुकूमशहा वाईट आहे' असं उघड म्हणायची मुभा असती तर कदाचित तेवढंच लिहून झालं असतं. ती मुभा नव्हती म्हणून कविता अधिक अवघड जागी गेली, आपल्या स्वतःच्या गप्प बसण्यापर्यंत.

तिसऱ्या कवितेतही झाडंच बोलतात. आजार, वेड, भूक, भीती, तुरुंग, यांतलं काहीही आम्हाला चुकलेलं नाही, म्हणतात. फक्त पळून जाणं तेवढं आमच्या वाट्याला येत नाही. सीमा बंद असलेल्या देशात हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. चौथी कविता जन्माला यायची शिक्षा झालेल्या गर्भांवर आहे. १९६६ च्या हुकुमाने गर्भपातावर बंदी आली होती, आणि त्या कवितेच्या शेवटाकडे येतो 'न विचारलेल्या आयां'चा उल्लेख. चौघींत सगळ्यात पातळ पडदा हिचाच.

(दृश्य: जुन्या वस्तूंचा बाजार. एक टाइपरायटर. विक्रेता कळ दाबून दाखवतो.)

अंक बाजारातून काढून घेतला गेला, मासिकातल्या लोकांवर कारवाई झाली, १९८५ मध्ये ब्लांडियानांच्या लेखनावर पुन्हा बंदी आली.

पण कविता बाहेर पडली होती, आणि तिची नक्कल काढणं हा वेगळाच प्रकार होता. हे यंत्र पाहा. १९८३ च्या हुकुमानुसार प्रत्येक टाइपरायटर पोलिसांकडे नोंदवावा लागे, आणि नोंदवताना त्यावर मजकूर टाइप करून नमुना द्यावा लागे. प्रत्येक यंत्राची अक्षरं थोडी वेगळी उमटतात. एखादा 'आर' जरा वर चढतो, एखाद्या 'ई'चं पोट भरून जातं. निनावी कागद सापडला की नमुन्यांशी ताडून पाहायचं आणि घर गाठायचं. म्हणून लोकांनी 'तोतुल' हाताने उतरवून घेतली. यादी असल्यामुळे ती पाठ करायलाही सोपी.

(दृश्य: आजचा बुखारेस्ट. मेट्रोतून बाहेर पडणारे विद्यार्थी.)

या रीतीची किंमतही आहे. शोपर्ला शोधायची सवय लागलेला वाचक मग कुठेही थांबत नाही. हिवाळ्यावरची साधी कविता वाचली तरी तो गॅस कधी येणार हेच शोधतो. लेखकाच्या मनात नसलेले टोमणे तो काढतो, आणि पहारेकरीही तेच करतो. दुसरं, ही भाषा तिच्या काळाबरोबर विझते. आजच्या पोरांना आदिदास म्हणजे बूट, ट्राम म्हणजे ट्राम. त्यांना 'तोतुल' वाचायची तर पानाखाली टिपा लागतात, आणि टीप वाचून येणारं हसू उशिरा येतं. काही लोक तर म्हणतात की असल्या पाली सरकारने मुद्दाम सुटू दिल्या, वाफ निघून जावी म्हणून. मला हे पटत नाही. वाफच काढायची होती तर अंक कशाला उचलला?

(दृश्य: लहान मुलांच्या पुस्तकातलं बोक्याचं चित्र.)

१९८८ मध्ये ब्लांडियानांचं मुलांसाठी पुस्तक आलं. त्यात आर्पाजिक नावाचा बोका होता. गल्लीतला सगळ्यात मोठा तारा, लोकांनी डोक्यावर घेतलेला, स्वतःवर खूश. मोठ्यांना तो बोका कोण हे पहिल्याच पानात कळलं. पुस्तक मागे घेतलं गेलं, आणि कवयित्रीवर तिसरी बंदी आली, ती डिसेंबर १९८९ मध्ये चाउशेस्कू जाईपर्यंत. बोक्यात राष्ट्राध्यक्ष दिसतात असं सरकारने कधी मान्य केलं नाही. कसं करणार? साम्य आहे हे आधी कबूल करावं लागलं असतं.